"पाच-सहा हजारच जातील ना?": एका कमेंटला उत्तर

*"सर, मागच्या पोस्टमध्ये तुम्ही मुलांना उगाच घाबरवलंय. ऑप्शन बाय केला तर लॉस फक्त प्रीमियमचा, जास्तीत जास्त पाच-सहा हजार. मार्केट पडलं की एसआयपीत पण लॉस होतोच की. मग फरक काय?"*

आधी माझी चूक कबूल करतो. "ऑप्शनमध्ये कितीही लॉस होऊ शकतो" असं मी सरसकट ठोकून दिलं होतं, ते ऑप्शन विकणाऱ्याचं झालं, घेणाऱ्याचं नाही. पोस्ट दुरुस्त करतो.

पण तुमचेच सहा हजार घेऊन बघू. समजा निफ्टी 25,000 वर आहे, बुधवारी तुम्ही पुढच्या मंगळवारच्या एक्सपायरीचा, म्हणजे त्या दिवशी मुदत संपणारा, 25,200 चा कॉल 80 रुपये प्रीमियम देऊन घेतला. म्हणजे मंगळवारी निफ्टी 25,200 च्या जितका वर बंद होईल तेवढा फरक तुम्हाला मिळणार, खाली राहिला तर काहीच नाही. लॉट, म्हणजे एका वेळी कमीत कमी घ्यावा लागणारा गठ्ठा, 75 चा धरू (एक्सचेंज हा आकडा अधूनमधून बदलतं), म्हणजे 6,000 गेले. आता हे 80 रुपये कशाचे दिले? निफ्टी अजून 25,200 च्या खालीच आहे, त्यामुळे आज या कॉलला स्वतःची किंमत शून्य, सगळे 80 रुपये नुसत्या वेळेचे, की बाबा सहा दिवसांत जाईल वर कदाचित. आणि वेळ तर रोज संपत जाणार.

सोमवारी निफ्टी 25,120 वर आला. तुमचा अंदाज बरोबर निघाला! तरी प्रीमियम 30 च्या आसपास उतरलेला दिसेल, कारण एकच दिवस उरलाय आणि 25,200 अजून लांबच आहे. मंगळवारी 25,150 ला बंद झाला की कॉल शून्य. मार्केट दीडशे पॉइंट वर गेलं आणि तुमचे सहा हजार पूर्ण गेले. नुसती मुद्दल सुटायला सुद्धा एक्सपायरीला निफ्टी 25,280 वर हवा होता, ब्रोकरेज आणि टॅक्स वेगळे.

तेच सहा हजार निफ्टीच्या इंडेक्स फंडात असते तर 36 रुपये वाढले असते. हसू येईल, मान्य. पण निफ्टी 10 टक्के पडला असता तरी 5,400 उरले असते, आणि युनिट्स तुमच्याकडेच, त्यांना मंगळवारची मुदत नाही, चार वर्षं थांबायचं तर थांबा. फरक तो हा.

आणि "फक्त सहा हजार" हे एका आठवड्याचं झालं हो, पुढच्या बुधवारी परत कॉल घेतोच ना माणूस. सेबीने 2024 मध्ये तीन वर्षांचा हिशोब काढला होता त्यात एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन, करणारे 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर लॉसमध्ये निघाले.

विद्यार्थ्यांना शिकायचंच असेल तर पैसे न लावता करा. बुधवारी एनएसईच्या साइटवर ऑप्शन चेन, म्हणजे सगळ्या ऑप्शनच्या भावांचा तक्ता, उघडा, निफ्टीच्या दोनशे पॉइंट वरचा एक कॉल निवडा आणि एक्सपायरीपर्यंत रोज साडेतीनला निफ्टी आणि प्रीमियम शेजारी शेजारी वहीत लिहा. निफ्टी जागचा हलला नाही त्या दिवशी प्रीमियमचं काय झालं, तेवढं मला इथे येऊन सांगा.