शंभरपैकी ७२, अभिनंदन!

तिमाही मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांना वेळ नसतो. तुम्ही रीच, क्लिक, एंगेजमेंट, ऑर्डर असे चार आकडे मांडता आणि ते घड्याळाकडे बघत विचारतात, "ते सगळं ठीक आहे, पण कॅम्पेन चाललं की नाही?" या प्रश्नाला खरं उत्तर देण्याच्या फंदात पडू नका. चारही आकड्यांना वेटेज द्या, बेरीज करा आणि "शंभरपैकी ७२" असं मोठ्या फॉन्टमध्ये स्लाइडवर टाका. ७२ ला कोणी "कशाचे ७२?" असं विचारत नाही. शाळेपासूनची सवय आहे.

वेटेज कधी ठरवायचं, हा नवशिक्यांना पडणारा प्रश्न. पुस्तकी लोक सांगतील, कॅम्पेन सुरू होण्याआधी ठरवा, कागदावर लिहा, क्लायंटची सही घ्या. असं करून तुम्ही स्वतःचे हात बांधून घेता. आकडे येऊ द्या, आपलं कुठे बरं झालंय ते बघा आणि मग त्याला "स्ट्रॅटेजिक महत्त्व" द्या.

समजा, एका मसाला कंपनीसाठी दिवाळीत तुम्ही "तीन मैत्रिणींना टॅग करा आणि जिंका" ही स्पर्धा चालवली. शेजारच्या टीमने गुपचूप गूगल सर्चच्या जाहिराती चालवल्या. शंभरच्या पट्टीवर तुमच्या स्पर्धेचे गुण असे: एंगेजमेंट ९५, व्ह्यूज ९०, क्लिक ८०, ऑर्डर ५. सर्चचे: ४०, ३५, ६० आणि ९५. आता याच क्रमाने वेटेज ३०, २५, २५, २० ठेवा. तुम्हाला ७२ मिळतात, सर्चला जेमतेम ५५. मसाला त्यांनी विकला, टाळ्या तुम्हाला. तुमच्या ऑर्डरच्या ५ गुणांनी एकूण बेरजेत फक्त १ गुण टाकला, पण तो १ गुण ७२ च्या पोटात कुठे बसलाय हे दुर्बीण लावूनही दिसणार नाही. बेरजेची हीच तर गंमत. एका खान्यातला खड्डा दुसऱ्या खान्यातल्या ढिगाऱ्याने आपोआप बुजतो. दहावीच्या परीक्षेत निदान किमान गुणांची अट असते. इथे तीही कटकट नाही. ऑर्डरमध्ये अमुक गुणांखाली गेलं की कॅम्पेन नापास, अशी अट कोणी सुचवलीच, तर ती "नकारात्मक मानसिकता" आहे म्हणा.

एवढ्यानेही भागत नसेल तर खाने वाढवा. इम्प्रेशन्स, रीच आणि फ्रीक्वेन्सी हे तीन वेगवेगळे निकष म्हणून टाका. रीच म्हणजे जाहिरात किती जणांना दिसली, फ्रीक्वेन्सी म्हणजे प्रत्येकाला सरासरी किती वेळा, आणि इम्प्रेशन्स म्हणजे रीच गुणिले फ्रीक्वेन्सी, त्यामुळे तिसऱ्या खान्यात पहिल्या दोन खान्यांत नसलेली एकही नवी माहिती नाही. पण प्रत्येकी १० टक्के दिले की "जाहिरात किती दिसली" या एकाच गोष्टीला ३० टक्के मिळाले, आणि स्लाइडवर मात्र स्कोअरकार्ड "सर्वांगीण" दिसतं. हा शब्द जरूर वापरा.

आता खरी कारागिरी. लाखांतला रीच आणि शेकड्यांतल्या ऑर्डर्स एकत्र बेरजेला येत नाहीत, म्हणून आधी दोन्ही ० ते १०० च्या पट्टीवर आणावे लागतात. बहुतेक ऑफिसांत हे एक्सेलमध्ये असं करतात:

```
=(C2-MIN(C$2:C$4))/(MAX(C$2:C$4)-MIN(C$2:C$4))*100
```

म्हणजे यादीतल्या सगळ्यात कमी आकड्याला ०, सगळ्यात जास्तीला १०० आणि बाकीचे मध्ये. फॉर्म्युला निष्पाप दिसतो. पण नीट बघा: तुमचे गुण तुमच्या कामावर ठरत नाहीत, यादीत आणखी कोण आहे यावर ठरतात. यादी तर तुमच्याच हातात आहे.

समजा रीचला ४० टक्के, ऑर्डरला ६० टक्के. तुमच्या रीलचा रीच १२ लाख, ऑर्डर ३००. सर्चचा रीच ४ लाख, ऑर्डर ५००. यादीत दोघंच असतील तर रीचमध्ये तुम्हाला १००, त्यांना ०, ऑर्डरमध्ये उलट. निकाल: तुम्ही ४०, सर्च ६०. हरलात. घाबरू नका. कोणीतरी ४ लाख लोकांना एसएमएस पाठवून कशाबशा १०० ऑर्डर मिळवल्या असतील, ती ओळ यादीत टाका. आता ऑर्डरची पट्टी १०० पासून ५०० पर्यंत गेली आणि तुमचे ३०० बरोबर मध्यावर आले, म्हणजे ५० गुण. त्याच्या ६० टक्क्यांचे ३०, अधिक रीचचे पूर्ण ४०. एकूण ७०. सर्च तिथेच, ६० वर. तुमची एकही ऑर्डर वाढली नाही, त्यांची एकही घटली नाही, फक्त एका फसलेल्या एसएमएसने तुम्हाला पहिला नंबर दिला. एवढ्या स्वस्तात विजय हल्ली कुठे मिळतो?

कधीतरी अ‍ॅनालिटिक्समधली एखादी नवी मुलगी हात वर करते. "सर, वेटेज थोडं बदलून क्रम टिकतो का बघूया?" हिला वेळीच थांबवा. मसाल्याच्या स्पर्धेत ऑर्डरचं वेटेज २० चं ५० केलं आणि बाकीचं १५, १५, २० असं वाटलं, तर तुमचे ७२ चे ४६ होतात आणि सर्चचे ५५ चे ७१. म्हणजे पहिला कोण हे कॅम्पेनने ठरवलेलं नसून वेटेजच्या खान्याने ठरवलंय, हे पाच मिनिटांत सगळ्या खोलीला कळतं. ती पाच मिनिटं मिळू देऊ नका. अजेंड्यावर पुढचा विषय घ्या.

ती फारच वाचणारी निघाली तर म्हणेल, फेसबुकनेही जाहिरातींचा १ ते १० चा रेलेव्हन्स स्कोअर २०१९ मध्ये बंद केला आणि त्याजागी क्वालिटी, एंगेजमेंट आणि कन्व्हर्जन अशा तीन वेगळ्या रँकिंग दिल्या, कारण एका आकड्यावरून जाहिरात कुठे कमी पडते हे कळत नव्हतं. किंवा म्हणेल, गूगल स्वतः सांगतं की क्वालिटी स्कोअर हे दुखणं शोधायचं साधन आहे, त्याला केपीआय, म्हणजे यश मोजायचा आकडा, समजू नका आणि बाकी डेटात मिसळू नका. अशा वेळी "आपलं मार्केट वेगळं आहे" हे वाक्य कामी येतं. याला आजवर कोणी उत्तर दिलेलं नाही.

एक धोका मात्र खरा आहे. स्कोअरवर बोनस लागला की टीमची पोरं हुशार होतात. मसाला विकून गुण मिळवण्यापेक्षा टॅग करायला लावून मिळवणं सोपं, हे त्यांना तुमच्याआधी कळतं. मग पुढच्या तिमाहीत स्पर्धाच स्पर्धा. स्कोअर ७२ वरून ८१ वर, गोडाऊनमध्ये मसाला जसाच्या तसा. क्लायंटने गोडाऊनचा विषय काढलाच तर "ब्रँड बिल्डिंगला वेळ लागतो" म्हणा. वाटल्यास "ब्रँड सेंटिमेंट" नावाचा पाचवा खाना काढा. त्याचे गुण ऑफिसातच चहा पिता पिता देता येतात.

आणि पुढच्या वर्षीचं बजेट मांडताना एवढं सांभाळा: एसएमएस मोहीम बंद करायची सूचना आली तर जोरदार विरोध करा. ती चालत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण ती ओळ यादीतून गेली, की रील पुन्हा ४० वर आणि सर्च ६० वर. तिला थोडे पैसे देत राहा, आणि मजकूर सुधारायचा विचार कोणाच्या डोक्यात येऊ देऊ नका.