आजी नको, बरणी हवी

वहिनींनी लोणच्याचा व्यवसाय काढला आणि जाहिरातीच्या चित्राचं काम माझ्याकडे आलं. "भावजी, तुम्हाला फोटो काढायचा नाहीये. बरणी कशी हवी ते एआयला लिहून द्यायचं, ते चित्र काढतं," असं त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की मी हो म्हणून बसलो.

मजकूर ठरवायला घरात बैठक बसली. दादा म्हणाला 'अस्सल घरगुती', आई म्हणाली 'आजीच्या हातची चव', वहिनी म्हणाल्या 'प्रीमियम'. सगळं लिहिलं. चित्रात आजी आली. नऊवारीतली, हसरी, उजव्या हाताला सहा बोटं. बरणी मागे कोपऱ्यात, चोरून आल्यासारखी.

चूक आजींची नव्हती. 'आजी' आणि 'हात' काढता येतात. 'चव' कशी काढणार? म्हणून डोळ्यांना न दिसणारं सगळं मी खोडलं. शेवटी उरला एकच शब्द: बरणी. त्यावर काचेच्या बरण्यांची अख्खी फळी आली. मग लग्नाची मुलगी दाखवताना करतात तसं बरणीचं वर्णन करून सांगितलं: एकच बरणी, चिनी मातीची, वरून तपकिरी, खालून पांढरट, चकचकीत, झाकण लावलेलं.

पुढचा प्रश्न, ती ठेवायची कुठे? वहिनींना केळीचं पान, पैठणी आणि तुळशीवृंदावन, तिन्ही हवं होतं. तेवढ्या लवाजम्यात बरणीकडे बघणार कोण? तहात एक लाकडी पाट आणि मागे कोरी फिकट भिंत मिळाली.

उजेडाचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. तो न सांगितल्यामुळे बरणी पाटावर टेकलेलीच वाटेना, अधांतरी तरंगत होती. 'डावीकडच्या खिडकीतून मऊ उजेड, उजवीकडे पाटावर हलकी सावली' असं लिहिल्यावर ती खाली उतरली. दर खेपेला एवढा एकच बदल करायचा, हे मी दादाला बजावलं. तो एका दमात चार सुचवतो आणि मग बिघडलं कशाने तेच कळत नाही.

नावाची चिठ्ठी चित्रातच मागितली, तर 'लोणचं'मधला 'ण' कुठल्यातरी अज्ञात लिपीत गेला. तेव्हा चिठ्ठीचा नाद सोडला. नाव नंतर फोनवर टाकता येतं. अखेरचा मजकूर असा झाला:

```
चिनी मातीची एकच बरणी, वरून तपकिरी,
खालून पांढरट, चकचकीत, झाकण लावलेलं.
लाकडी पाटावर, मागे कोरी फिकट भिंत.
डावीकडच्या खिडकीतून मऊ उजेड,
उजवीकडे पाटावर हलकी सावली.
समोरून, किंचित वरून; बरणी पूर्ण दिसावी.
चौकोनी चित्र, वर मोकळी जागा.
```

चित्र झकास आलं. वहिनींनी ते मोठं करून करून पाहिलं.

"छानच आहे हो. पण भावजी, आपण लोणचं प्लास्टिकच्या डब्यातून देतो ना?"

गिऱ्हाइकाला बरणी दाखवून हातात डबा ठेवला, तर ते लोणच्याआधी आपल्यालाच खाईल. मी 'चिनी मातीची' खोडलं.

"डब्याचं झाकण कुठल्या रंगाचं?"

"हिरवं. कधी लाल. दुकानात असेल ते."