फ्रिजच्या नळातली फुसफुस आणि ‘गॅस’चा निरोप

“फ्रिजच्या पाण्याचा फिल्टर दर सहा महिन्यांनी बदला, हा कंपन्यांचा धंदा आहे. दिवा लाल झाला की बटण तीन सेकंद दाबून धरा, परत हिरवा होतो. जुनी कार्ट्रिज रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवून उन्हात वाळवा, नव्यासारखी होते. नवी बसवल्यावर नळातून फुस्स करून हवा आली तर सावधान! फ्रिजचा गॅस पाण्यात मिसळतोय. फिल्टर थोडा सैल करून गॅस जाऊ द्या. मग टीडीएस मीटर लावा. आकडा कमी झाला नाही तर फिल्टर डुप्लिकेट. लहान मुलं असलेल्या प्रत्येक घरात पाठवा.”

हा निरोप पुण्याहून निघून न्यू जर्सीत लेकीकडे आलेल्या माझ्या मावशीपर्यंत पोचला. तिने फ्रिजचं पाणी पिणं बंद केलं, नातवालाही देऊ दिलं नाही, आणि नुकतीच बसवलेली कार्ट्रिज सैल करायला निघाली. जावई वेळेवर घरी आला म्हणून निभावलं. त्यामुळे आधी त्या गॅसचंच बघू.

फ्रिज थंड करणारा वायू, हल्ली बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन, हा कॉम्प्रेसरपासून निघून परत कॉम्प्रेसरकडेच येणाऱ्या बंद नळीत फिरतो. त्या नळ्यांचे सांधे कारखान्यात पक्के जोडलेले असतात. पिण्याच्या पाण्याची नळी प्लॅस्टिकची. ती घराच्या पाइपातून येते, फिल्टरमधून आणि पाण्याच्या छोट्या टाकीतून जाते आणि फ्रिजच्या दारातल्या नळाशी संपते. या दोन वाटा कुठेही एकमेकींना मिळत नाहीत. फिल्टर बदलताना तुम्ही गॅसच्या नळीच्या आसपासही हात घालत नाही. शिवाय घरगुती फ्रिजमध्ये हा वायू भरतात तो अगदी थोडा. तो खरंच गळाला असता तर आधी फ्रिज थंड करायचा थांबला असता, दूध नासलं असतं. मावशीच्या लेकीकडचं आइस्क्रीम दगडासारखं घट्ट होतं, यातच उत्तर आलं.

मग ती फुसफुस कसली? साध्या हवेची. नवी कार्ट्रिज कोरडी येते. आत दाबून घट्ट केलेल्या सक्रिय कोळशाची पोकळ नळी असते. कोळशाच्या असंख्य छिद्रांत आणि भोवतीच्या डब्यात हवा भरलेली असते. पाणी आत शिरलं की ती हवा पुढे ढकलली जाते, टाकीत साचते आणि नळातून पाण्याबरोबर उडत बाहेर पडते. म्हणून धार तुटक येते, ग्लासाबाहेर शिंतोडे उडतात. नळाची दांडी सोडल्यावरही थोडा वेळ थेंब टपकतात ते याच हवेमुळे. पाणी वाहत असताना टाकीतला बुडबुडा दाबला जातो. व्हॉल्व्ह बंद झाला की तो फुगतो आणि थोडं पाणी नळाबाहेर लोटतो. हवेऐवजी नुसतं पाणीच असतं तर ते दबलंही नसतं, फुगलंही नसतं.

हवा काढायची रीत फ्रिजबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत असते, पण ती पुस्तिका बहुधा ड्रॉवरच्या तळाशी पडलेली. व्हर्लपूलच्या पुस्तिकेत दिलंय ते असं: दांडी पाच सेकंद दाबा, पाच सेकंद सोडा. पाणी येईपर्यंत हेच करत राहा, आणि आल्यावरही त्याच तालात एकूण तीन गॅलन, म्हणजे साधारण बारा लिटर पाणी काढून टाका. दुसऱ्या कंपन्या थोडं कमी सांगतात, पण अर्धा ग्लास ओतून मोकळं व्हा असं कुणीच सांगत नाही. लोक नेमकं तेच करतात आणि मग चार दिवस शिंतोडे उडाले की घाबरतात. दाबा-सोडा करण्यामागे साधं कारण आहे: सलग धार लावली तर पाणी बुडबुड्यांना बगल देऊन निघून जातं, झटके दिले की अडकलेली हवा सुटते. मोठं पातेलं खाली धरा. हे पाणी झाडांना चालतं. सुरुवातीला ते किंचित करडं दिसलं तर ती कोळशाची बारीक भुकटी असते आणि तीही याच पाण्याबरोबर निघून जाते. बर्फाचा साचा असेल तर पहिल्या तीन खेपांचा बर्फ फेकून द्या.

पाणी पांढुरकं, दुधाळ दिसलं तरी मीटर नको, एक काचेचा ग्लास पुरे. तो भरून ओट्यावर ठेवा. पांढरेपणा तळाकडून वर निवळत गेला तर ती हवा, कारण बुडबुडे वर चढतात. तळाशी काही साचलं तर मात्र ती हवा नाही, आणि तेव्हा चौकशी करायला हवी.

आता तो ‘सैल करा’ सल्ला. सगळ्या निरोपात घराचं प्रत्यक्ष नुकसान करेल असं हेच वाक्य आहे. कार्ट्रिज पूर्ण फिरवून काढली की ती बसते त्या खोबणीतला व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो, म्हणून बदलताना घराचा नळ बंद करावा लागत नाही. पण अर्धवट फिरवलेल्या स्थितीत हा व्हॉल्व्ह उघडा राहू शकतो आणि रबरी कडं मात्र जागेवरून सरकलेलं असतं. मागे घराच्या पाइपाचा पूर्ण दाब उभा असतो. पाणी भाजीच्या खणामागून, फ्रिजखालून लाकडी जमिनीत उतरतं, आणि खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या छताला डाग पडेपर्यंत कुणाला कळत नाही. हवा नळातूनच बाहेर काढायची, सांध्यातून नाही.

व्हिनेगरच्या उपायाने फ्रिज भिजत नाही, पण पिणाऱ्याचं नुकसान होतं. कोळसा पाण्यातली घाण गाळण्याबरोबरच आपल्या पृष्ठभागावर धरूनही ठेवतो. वासाची रसायनं आणि काही कार्ट्रिजमध्ये शिसंसुद्धा. या जागा भरल्या की भरल्या. कारखान्यात असा कोळसा पुन्हा वापरायोग्य करतात तेव्हा तो वाफेच्या सान्निध्यात ८०० अंशांच्या पुढे तापवतात. गच्चीवरच्या उन्हाला ते जमणार नाही. व्हिनेगरने फार तर क्षार सुटतात. उलट कोळसा व्हिनेगरचाच वास धरून ठेवतो, आणि दमट कार्ट्रिज दिवसभर उघड्यावर ठेवली की तिच्यात जिवाणू वाढायला सोय होते. ही ‘नव्यासारखी’ वस्तू मग नातवाच्या पाण्याच्या वाटेवर बसवायची!

सहा महिन्यांचा मुद्दा उरला, आणि इथे निरोपात थोडं खरं आहे हे नाइलाजाने मान्य. दिव्याला पाण्याची चव कळत नाही. काही फ्रिज फक्त दिवस मोजतात, काही वाहिलेलं पाणी मोजतात, पण पाणी तपासत कुणीच नाही. कार्ट्रिजच्या किमतीही अवाच्या सवा असतात, वाद नाही. पण बटण दाबून दिवा हिरवा केल्याने आतला कोळसा बदलत नाही, आणि हिशोब दिव्याचा नसून कार्ट्रिजबरोबर येणाऱ्या कामगिरीच्या तक्त्याचा आहे. तो कागद पाकिटासकट फेकू नका. ती काय काय काढते, किती गॅलनपर्यंत, आणि एनएसएफ या अमेरिकी प्रमाणन संस्थेच्या कोणत्या मानकानुसार तपासली आहे, हे त्यावर छापलेलं असतं. ४२ म्हणजे चव, वास, क्लोरीन. ५३ म्हणजे शिशासारखे आरोग्याला घातक पदार्थ. नुसतं ४२ असेल तर शिशाबद्दल तो फिल्टर काहीच आश्वासन देत नाही.

मावशीच्या लेकीकडची कार्ट्रिज २०० गॅलनची, म्हणजे ७५७ लिटरची. घरात माणसं चार, बर्फ धरून दिवसाला सहा लिटर सहज लागतात. भागाकार केला तर १२६ दिवस. म्हणजे या घरात सहा महिनेसुद्धा जास्तच झाले, चार महिन्यांनी बदलायला हवी. एकटा माणूस दिवसाला दोन लिटर घेत असेल तर याच हिशोबाने ती वर्षभर पुरेल. तरीही त्याने सहा महिन्यांनीच बदलावी, कारण कोळसा क्लोरीन काढून घेतो आणि पुढचं पाणी क्लोरीनशिवाय ओल्या कोळशात उभं राहतं. तिथे जिवाणूंचा थर धरतो. धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही, पण घरात तान्हं बाळ किंवा केमोथेरपीचा रुग्ण असेल तर ‘बहुधा’वर कुणी राहू नये. धार मंद झाली की बदलू, हाही भरवसा फसवा आहे. धार मंद होते ती गाळ अडकल्याने. स्वच्छ पाण्याच्या गावात कोळसा संपून गेला तरी धार जोरात राहते.

मीटरबद्दल थोडक्यात. टीडीएस मीटर विरघळलेले क्षार मोजतो आणि कोळशाचा फिल्टर क्षार काढतच नाही. आधी २०० आणि नंतर २०० आलं तर काही बिघडलेलं नाही. खरी अडचण उलटी आहे. न्यू जर्सीतल्याच नेवार्क शहरात शिशामुळे २०१८ साली घरोघरी फिल्टर वाटावे लागले. अमेरिकेत वर्षानुवर्षं धोक्याची रेघ मानलेलं शिसं होतं लिटरमागे १५ मायक्रोग्रॅम. मीटर मिलिग्रॅममध्ये बोलतो, त्याच्या आकड्यात हे शिसं दिसणारही नाही. नकली कार्ट्रिज बाजारात असतात हे खरं, पण त्या मीटरने ओळखता येत नाहीत. कार्ट्रिजच्या दाव्याची खातरजमा करायची तर एनएसएफच्या यादीत मॉडेल क्रमांक शोधून.

आणि हा निरोप पुण्यात फिरवणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण तिथेही हे दारात नळ असलेले फ्रिज आले आहेत. त्याच तक्त्यावर छापलेलं असतं की जंतूंच्या दृष्टीने असुरक्षित किंवा माहीत नसलेल्या पाण्यासाठी, आधी किंवा नंतर निर्जंतुक न करता, हा फिल्टर वापरू नये. गच्चीवरच्या टाकीचं किंवा टँकरचं पाणी त्यातच येतं. तेव्हा आधी आरओ किंवा यूव्ही, फ्रिज नंतर. आरओमधून येणाऱ्या पाण्याचा दाब कमी असेल तर फ्रिजची धार रोडावते. अशा वेळी काही मॉडेलमध्ये कार्ट्रिज काढून जागेवर बायपासचं बूच लावता येतं.

तीन-चार दिवस अधूनमधून फुस्स होत राहिलं तर चालेल. आठवडा उलटूनही धार तुटत असेल तर कार्ट्रिज पूर्ण काढा, रबरी कडी फाटली किंवा मुडपली आहेत का पाहा, त्यांना पाण्याचं बोट लावा आणि खट् आवाज येईपर्यंत किंवा अडेपर्यंत परत बसवा. फ्रिजमागचा नळ पूर्ण उघडा आहे ना, हेही बघा. एवढं करून बारा लिटर पुन्हा सोडले आणि तरीही धार तुटतेय, किंवा कार्ट्रिजच्या तोंडाशी ओल दिसतेय, तर मागचा नळ बंद करून दुरुस्तीवाल्याला बोलवा.