ताजमहाल बागेच्या मधोमध नाही

"ताजमहाल म्हणजे इराणी चारबागेची हुबेहूब नक्कल. बागेच्या बरोबर मधोमध मकबरा, चारी बाजूंनी सगळं सारखंच, आणि पाणी फक्त प्रतिबिंब पडावं म्हणून. निबंधात एवढं लिहिलं की पुरे."

ताजवर निबंध लिहिणाऱ्यांना असा सल्ला सर्रास मिळतो, पण यातलं बरंचसं चुकीचं आहे. चारबाग म्हणजे पाटांनी चार भाग केलेली बाग. आधी जागेचं पाहू. आग्र्यात दक्षिणेच्या मोठ्या दरवाजातून आत गेलं की साधारण तीनशे मीटर लांब-रुंद चौरस बाग लागते. तिच्यातले दोन मुख्य पाट जिथे एकमेकांना छेदतात, तिथे संगमरवरी हौद आहे. मकबरा त्या हौदाच्या बराच पुढे, बागेच्या उत्तर टोकाला, यमुनेकाठच्या उंच चौथऱ्यावर आहे. मधोमध मकबरा पाहायचा असेल तर दिल्लीला हुमायूनच्या कबरीवर जावं. ती मीरक मिर्झा गियासच्या आराखड्यावर 1570 च्या सुमारास उभी राहिली. किंवा लांब कशाला, आपल्या छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा बघा. ताजचा वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी, आणि बीबी का मकबरा बांधणारा अताउल्ला हा त्याचाच मुलगा. पण मुलाने मकबरा बागेच्या मध्यभागी ठेवला. ज्याला सगळे 'ताजची नक्कल' म्हणून हिणवतात, तोच या बाबतीत जुन्या रीतीला धरून आहे, ही गंमतच.

ताज कडेला का गेला, याचं उत्तर आग्र्याच्या नदीकाठात आहे. तिथे उमराव-शहजाद्यांच्या बागा यमुनेच्या दोन्ही तीरांवर ओळीने होत्या, आणि त्यांतली मुख्य इमारत नदीच्या बाजूला असे: वारा मिळायचा, नावेतूनही ती दिसायची. शाहजहानच्या कारागिरांनी हीच मांडणी मकबऱ्यासाठी वापरली. पैलतीरावरची मेहताब बागही याच मध्यरेषेवर येते. ती मोजली तर ताज मधोमध येतो, असं काही अभ्यासक म्हणतात. तसं लिहायला हरकत नाही, पण मग मधून यमुना वाहते हेही लिहावं लागेल.

आता सारखेपणा. दरवाजापासून नदीपर्यंत एक दक्षिणोत्तर रेषा धरा. तिच्या डाव्या-उजव्या बाजू जुळतात, पुढची-मागची नाही. चारी दर्शनी बाजू सारख्या आहेत त्या एकट्या मकबऱ्याच्या. पश्चिमेला लाल दगडाची मशीद आहे, आणि तिचा तोल साधायला पूर्वेला तशीच दिसणारी इमारत, जिला 'जवाब' म्हणतात. आत गेलं की फरक कळतो: मशिदीत मक्केची दिशा दाखवणारा कमानदार कोनाडा, म्हणजे मेहराब आहे, जवाबात नाही. आणि ज्या रेषेवर हे सगळं तोललं आहे, तिच्यावर मुमताजची कबर आहे. शाहजहान 1666 मध्ये वारला, त्याची कबर तिच्या पश्चिमेला घातली गेली. त्यामुळे सर्वांत आतल्या दालनातच तोल ढळलेला आहे.

पाण्याला नुसतं आरसा म्हटलं की निम्मं काम नजरेआड होतं. इराणात डोंगराच्या पायथ्याचं पाणी भुयारी कालव्यातून उतारानेच बागेत येई. आग्रा सपाट आणि नदी खाली, त्यामुळे पाणी वर चढवावं लागे. बैलांच्या मोटांनी यमुनेचं पाणी उपसायचं, उंचावरच्या टाक्यांत साठवायचं आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी बागेत सोडायचं. खरी युक्ती कारंज्यांत आहे. प्रत्येक कारंजं थेट मुख्य नळाला जोडलं असतं तर जवळचं उंच उडालं असतं आणि लांबचं ठिबकत राहिलं असतं. म्हणून प्रत्येकाखाली तांब्याचं भांडं ठेवलं. पाणी आधी भांड्यांत भरतं, मग सगळीकडे एकदम वर उसळतं. रांगेतली कारंजी सारख्या उंचीवर उडतात ती यामुळे. डोळ्यांना दिसणाऱ्या सममितीचा एक भाग असा जमिनीखाली आहे.

इराणी प्रभाव खराच आहे: मधल्या दालनाभोवती आठ दालनांचा आराखडा, दुहेरी घुमट, उंच कमानीचं दर्शनी तोंड. पण इराणात विटांवर रंगीत फरशा चढत, इथे लाल दगड आणि मकराण्याचा संगमरवर आहे. घुमटाभोवतीच्या छत्र्या, म्हणजे खांबांवरचे छोटे घुमटही इथलेच.

तेव्हा निबंधात विशेषणं कमी करा आणि दिशा द्या. 'भव्य, देखणी, सममित वास्तू' याऐवजी असं काही: "दक्षिण दरवाजातून निघालेला पाट मधल्या हौदाशी थबकतो आणि पुढे मकबऱ्याच्या चौथऱ्याकडे जातो. दोन्ही बाजूंच्या इमारती लाल, मधली एकटी पांढरी, त्यामुळे नजर रेषा सोडत नाही." कुठे उभे आहात, रेषा कुठून कुठे जाते, पाणी कुठून येतं, या क्रमाने लिहिलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं. फक्त मोकळ्या हिरवळीचं श्रेय मोगलांना देऊ नका. ती इंग्रजी अमदानीतली आहे. शाहजहानच्या बागेत फळझाडं आणि फुलझाडं दाट होती.