साठ किलोखाली दिलेला जबाब

मंगळवारी रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी मी जिममधल्या बाकड्यावर उताणा पडलो होतो आणि छातीवर ६० किलो लोखंड होतं. आदल्या मंगळवारी हेच वजन मी पाच वेळा वर ढकललं होतं, वहीत नोंद आहे. या वेळी दोनदा झालं. तिसऱ्यांदा दांडा सुखरूप खाली आला आणि छातीवरच मुक्कामाला राहिला.

आता जाणकार म्हणतील, एकट्यानं बेंच मारताना दांड्याच्या टोकांना क्लिपा लावू नयेत, म्हणजे अडकलं तर दांडा कलता करून प्लेटा खाली सोडता येतात. खरं आहे. पण आमच्या जिमच्या भिंतीवर 'क्लिप लावल्याशिवाय व्यायाम करू नये' अशी पाटी आहे आणि ती पाळणारा मी एकटाच. ट्रेनर जिन्यात फोनवर होता. त्या फोनबद्दल मी काही बोलणार नाही, कारण माझ्या फीमधूनच त्याचा रिचार्ज होत असावा. उरले फक्त आबा.

आबा म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. आयुष्यातली बावीस वर्षं रातराणीवर काढलेली, त्यामुळे दहाच्या आधी त्यांच्या अंगात जीवच येत नाही. माकडटोपी, बिनबाह्यांचा स्वेटर आणि खाली बर्म्युडा अशा वेषात ते ट्रेडमिलवर अडीचच्या वेगानं चालतात, हातानं दोन्ही बाजूंचे दांडे धरून, नजर समोर. वळणावर त्यांचा उजवा हात किंचित हलतो अशी मला शंका आहे. ट्रेडमिलला वळण नसतं, तरी.

मी ओरडलो, "आबा!"

आबांनी ट्रेडमिल बंद केलं नाही. बंद करायची पद्धत असते. त्यांनी कूल-डाऊनचं बटण दाबलं आणि पडद्यावरचे आकडे उलटे मोजत शून्यावर येईपर्यंत चालत राहिले. मग उतरले, टॉवेलनं मान पुसली आणि माझ्या डोक्यामागं येऊन उभे राहिले. खालून मला फक्त त्यांच्या नाकपुड्या आणि माकडटोपीची किनार दिसत होती.

"काय झालं?"

"अडकलंय. उचला ना."

"उचलतो की." त्यांनी दांड्याला एक बोट लावलं. एकच. "काल किती वाजता झोपलात, साहेब?"

"आबा, आधी उचला!"

"अहो, श्वास चाललाय ना? बोलताय ना? मग सांगा."

"एक वाजला असेल."

"आणि उठलात?"

"पावणेसहाला. पाणी येतं."

"परवा?"

"तेच."

"म्हणजे पावणेपाच तास." आबांचा हिशोब डिझेलच्या नोंदी लिहिलेल्या माणसाचा, चुकत नाही. "आणि ही जिमची पुडी किती वाजता घेता? ती लाल पावडर?"

"नऊला."

"हं." हा 'हं' त्यांनी बराच वेळ लांबवला. माझ्या बरगड्यांना तो आणखी लांब वाटला. मग त्यांनी दोन्ही हात लावले, आम्ही दोघांनी मिळून दांडा वर घेतला, आणि त्याच क्षणी 'साहेब' संपलं. "अरे, गाडी डोळे मिटून चालवतोस आणि ब्रेक लागत नाही म्हणतोस!"

मला राग आला. अजूनही आहे. पासष्ट-सत्तरीच्या माणसानं अडीचच्या वेगानं चालत दुसऱ्याच्या झोपेचा पंचनामा करावा, तोही लोखंडाखाली! घरी जाऊन आबांना खोटं पाडायचं, एवढ्या एका उदात्त हेतूनं मी रात्री बारा वाजता वाचायला बसलो. झोपायची वेळ तशीही टळलीच होती.

पहिल्या तासात माझ्याच बाजूचा पुरावा सापडला आणि मी खूश झालो. रात्री व्यायाम केला की झोप बिघडते ही समजूत सरसकट खरी नाही. २०१९ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात संध्याकाळचा व्यायाम झोपेला बहुतेक वेळा बाधत नाही असंच दिसलं. अडचण फक्त एका ठिकाणी: जोरकस व्यायाम झोपण्याच्या तासभर आधीपर्यंत चालू असेल, तर झोप उशिरा लागते आणि कमी होते. त्याला कारणही सरळ आहे. झोपेसाठी अंगाचं आतलं तापमान उतरावं लागतं आणि नाडी खाली यावी लागते, अन् आपण तर नुकतीच भट्टी पेटवलेली असते.

माझं वेळापत्रक असं. साडेआठला अमेरिकेचा कॉल संपतो (संपतो असं कॅलेंडर म्हणतं). नऊला पुडी. साडेनऊला जिम. पावणेअकराला बाहेर. बाराला अंथरुणात. म्हणजे व्यायाम संपल्यावर सव्वा तास! मी निर्दोष! बायकोला उठवून सांगावंसं वाटलं, पण तिच्याही झोपेचा प्रश्न होता.

मग पुडीचा डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचली. एका चमच्यात ३०० मिलिग्रॅम कॅफीन. साध्या कपभर कॉफीत साधारण ८० ते १०० असतं, म्हणजे मी रात्री नऊला तीन-साडेतीन कप कॉफी एका घोटात घेत होतो, वर कलिंगडाची चव. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला सरासरी पाचेक तास लागतात. कुणाला कमी, कुणाला जास्त. नऊला ३००, रात्री दोनला १५०, सकाळी सातला ७५. म्हणजे मी गाढ झोपेत असायला हवं तेव्हा माझ्या रक्तात कुणीतरी दीड कप कॉफी ओतून ठेवलेली. आणि सकाळी नळाखाली बादली लावताना अंगात उरते ती जवळजवळ कपभर. तिच्यावर मी घरचा चहा घेतो. 'झोप उडावी' म्हणून.

२०१३ चा एक प्रयोग तर मी दोनदा वाचला. झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तरी एकूण झोप तासाहून अधिक घटली. चीड आणणारी गोष्ट पुढची. झोप मोजणाऱ्या यंत्राला ही घट दिसत होती, पण ज्यांची झोप गेली त्यांना स्वतःला तिचा नीट पत्ता नव्हता. म्हणजे 'मला कॉफीचा काही त्रास होत नाही, मी लगेच झोपतो' असं छातीठोकपणे सांगणारे आपल्या ऑफिसातले सगळे लोक या प्रकरणात साक्षीदार म्हणून बाद.

तो डबा मला कुणी विकला हे सांगत नाही. जिन्यात फोनवर आहे तो.

पण झोप कमी झाली म्हणून दंडातली ताकद का जावी? इथं एक मजा आहे. १९९४ च्या एका छोट्या प्रयोगात आठ तरुणांना सलग तीन रात्री फक्त तीन-तीन तास झोपू दिलं आणि रोज वजनं उचलायला लावली. बेंच प्रेस, लेग प्रेस आणि डेडलिफ्ट या तिन्हींत एका दमात उचलता येणारं जास्तीत जास्त वजन घटलं. घटलं नाही ते एकाच व्यायामात: बायसेप कर्ल! म्हणजे आमच्या रात्रीच्या बॅचमध्ये सगळ्यांचे दंड फुगलेले आणि पाय अगरबत्तीसारखे का, याचा उलगडा मला रात्री दीड वाजता झाला.

कारण असं दिसतं की एकाच सांध्याचा सोपा व्यायाम अर्धवट झोपेतही निभतो. जिथं खांदा, कोपर, पाठ, पाय सगळ्यांनी एका तालात कामाला लागायचं असतं, तिथं पहिली चूक होते. आणि त्याच प्रयोगात जास्तीत जास्त वजनापेक्षा हलक्या, पुन्हा पुन्हा करायच्या सेटवर झोपेचा परिणाम लवकर पडला, दुसऱ्या रात्रीनंतरच. वजन तेच असतं, पण जड लागतं. माणूस दोन खेपांनंतर मनातून सुटतो. माझी तिसरी खेप तिथंच गेली असणार. अर्थात मी तीन नाही, पावणेपाच तास झोपतो, तेव्हा त्या आठ जणांचे आकडे मला जसेच्या तसे लावायचे नाहीत. पण महिनाभर रोज सव्वातीन तास उधार ठेवणारा मी, त्यांच्याकडे बोट कुठल्या तोंडानं दाखवू?

दुखापतीचा मुद्दा आबांनी काढला नव्हता, तो माझ्या डाव्या खांद्यानं काढला. तीन आठवडे तो कुरकुरतोय. अमेरिकेत २०१४ मध्ये शाळकरी खेळाडूंची पाहणी झाली, त्यात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट निघाली. ती मुलं होती, आणि अशा पाहणीतून कमी झोपेमुळेच दुखापत झाली असं सिद्ध होत नाही. ज्यांचा सराव भरमसाट ते कमी झोपतही असतील. तरी मी वही काढली. वजनाशेजारी झोपेचे तास लिहायची सवय नव्हती, पण पाण्याची वेळ आणि कॉलच्या वेळा पक्क्या आहेत, हिशोब लागला. खांदा दुखायला लागला तो आठवडा म्हणजे क्लायंटची 'गो-लाइव्ह'. चार रात्री चार तास.

आता इथं हसू येत नाही मला. लोक म्हणतात सकाळी जा. सकाळी पाणी आहे, मुलीची बस आहे, मग दीड तास ट्रॅफिक. माणसानं व्यायाम करायचा कधी? कंपनीच्या 'वेलनेस' मेलमध्ये 'आठ तास झोपा' असं लिहिलेलं असतं. तो मेल रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी आला होता.

शेवटी केलं ते एवढंच. पुडी बंद. पहिले तीन दिवस डोकं दुखलं, ते कॅफीन सोडल्याचं असतं असं वाचलं होतं म्हणून घाबरलो नाही. बेंच, स्क्वॉट वगैरे जड कारभार शनिवार-रविवारी पाच वाजता हलवला. दिवस कलताना अंगाचं तापमान चढतं असतं आणि ताकदही तेव्हाच चांगली लागते, शिवाय कॉल नसतात. आठवड्यातल्या रात्री हलकं काम, सव्वादहाला बाहेर. पाण्याला पंपाचा टायमर लावला, बाराशे रुपये. साडेसहा तास मिळायला लागले. आठ नाहीत.

रविवारी पाच वाजता गेलो. ६० किलो, पाच वेळा. सहावी मुद्दाम केली नाही. वहीत लिहिलं, आणि बघतो तर ट्रेडमिलवर माकडटोपी. आबा. रविवारी, दिवसाढवळ्या.

"तुम्ही यावेळी कसे?"

"रात्री तू नसतोस," आबा अडीचच्या वेगानं चालत म्हणाले, "मग करमत नाही. काल किती झोपलास?"

क्लिपा मी अजून लावतो. पाटी आहे.