सीन ५८ म्हणजे नक्की कुठला, ते एकदा ठरवा

कर्लीच्या खाडीकाठी, एका भाड्याच्या घराच्या पडवीत बसून हे लिहितेय. पायाशी मासळीच्या वासावर आलेलं मांजर आहे, मांडीवर चार स्क्रिप्टं आहेत आणि चारही एकाच सिनेमाची आहेत. मी कंटिन्युइटी बघते. म्हणजे सगळ्यांच्या चुका माझ्या वहीत येतात आणि शिव्याही मलाच पडतात.

स्क्रिप्ट बदलते याबद्दल माझी तक्रार नाहीच. बदलणारच ती. इथे आल्यावर घर वेगळं निघतं, नटाला वाक्य जड जातं, पाऊस पडतो. पण शूटिंगची स्क्रिप्ट एकदा लॉक झाली की सीनचे नंबरही लॉक. तो नंबर कपड्यांच्या चार्टवर असतो, कॉलशीटवर असतो, साउंडवाल्याच्या रिपोर्टवर असतो, क्लॅपवर असतो. तो लेखकाचा राहिलेला नसतो हो!

झालं काय ते सांगते. आमची स्क्रिप्ट लॉक झाली तेव्हा ९६ सीन होते. ५८ म्हणजे होडीचा सीन, नायिका खाडीतून निघून जाते तो. नवव्या दिवशी रात्री लेखकमहाशयांना सुचलं की त्याआधी आईला माजघरात चिठ्ठी सापडली पाहिजे. छान सुचलं, खरंच. त्यांनी सीन घातला आणि सॉफ्टवेअरला सगळे नंबर नव्याने पाडायला सांगितले. माजघर झालं ५८, होडी झाली ५९ आणि पुढचं सगळं एकेक घर खाली सरकलं. रात्री साडेअकराला ग्रुपवर फाईल पडली: `Script_Final_FINAL_2.pdf`. निम्म्यांनी उघडली, निम्मे झोपले होते.

सकाळच्या कॉलशीटवर फक्त ‘सीन ५८, सकाळी ७’. कॅमेरावाल्यांकडे जुनी स्क्रिप्ट, ते ट्रायपॉड घेऊन धक्क्यावर. मेकअपवाल्यांकडे नवी, त्यांनी आईला तयार करून माजघरात बसवलं. नव्या ५८मध्ये नायिका नाहीच, म्हणून गाडी तिला आणायला गेलीच नाही. ती मालवणला हॉटेलात झोपलेली, इथून चाळीस मिनिटांवर. होडीवाले काका मात्र सहापासून हजर, कारण त्यांना मीच आदल्या संध्याकाळी फोन केला होता. भरती आठच्या सुमारास होती. नायिका तयार होऊन आली साडेदहाला. तोवर पाणी उतरलेलं आणि होडी गाळात बसलेली. काका विडी विझवत शांतपणे म्हणाले, “आता ही हलाची नाय, मॅडम. रात्री भरती येतली तेवा बघूया.” रात्री साडेआठला अंधारात काय बघणार, कपाळ? दुसऱ्या दिवशी भरती सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. तेवढ्यावर पुढच्या सगळ्या दिवसाचं गणित परत मांडलं.

हे टाळायला किती अक्कल लागते? एक अक्षर. ५७ आणि ५८च्या मधे नवा सीन आला तर तो ५७ए. दुसरा आला तर ५७बी. होडी ५८ होती, ५८च राहते, जगबुडी झाली तरी. (आय आणि ओ ही अक्षरं गाळायची, हाताने लिहिली की १ आणि ० वाटतात. हे मी हौसेने सांगत नाही.) सीन उडवला तर नंबर उडवायचा नाही. त्या जागी ‘सीन ६१ – ओमिटेड’ असं लिहून मोकळं व्हायचं, म्हणजे कुणी पान हरवलं म्हणून शोधत बसत नाही. आमच्या एका शहाण्याने अमेरिकन टेम्प्लेट आणलं आणि नव्या सीनला ए५८ म्हणायला लागला. अरे बाबा, तिकडे क्लॅपवर सीनच्या नंबरामागे अक्षर आलं की तो त्या सीनचा पुढचा सेटअप असतो. गोंधळ नको म्हणून ते नव्या सीनचं अक्षर पुढे लावतात. आपल्या क्लॅपवर सीन, शॉट, टेक वेगवेगळे लिहितो. आपल्याला ५७ए चालतं. काहीही एकच धरा, पण धरा!

आणि पानं. पान ६१वर नवा मजकूर मावला नाही तर जादाचं पान ६१ए होतं, ६२ जागेवरच राहतं. म्हणून फक्त बदललेली पानं वाटता येतात: जुनं ६१ काढा, नवं ६१ आणि ६१ए घाला. रंग त्याच्यासाठी. मूळ पांढरी, पहिला बदल निळा, मग गुलाबी, पिवळा, हिरवा, पुढे गोल्डनरॉड, बफ, सामन, चेरी, आणि संपले की पुन्हा निळा, त्याला डबल ब्लू म्हणायचं. लांबून फाईलच्या कडा बघितल्या तरी कळतं की लाईटदादांकडे गुलाबी पोचलीच नाही. पानाच्या वर रंगाचं नाव आणि तारीख, बदललेल्या ओळीसमोर उजव्या समासात चांदणी. एवढंच.

“इथे कोकणात रंगीत कागद कुठून आणू?” हा प्रॉडक्शनचा लाडका प्रश्न. कुडाळला झेरॉक्सवाल्याकडे गुलाबी आणि पिवळा होता, तोही दमट, दर दहा पानांना मशीनमधे अडकणारा. चालतंय की! गोल्डनरॉड नसेल तर पांढऱ्यावर मार्करने कडेला पट्टा ओढा आणि सगळ्यांना सांगा की या खेपेला हाच रंग. रंगांचा क्रम काही मनूने सांगितलेला नाही. वरची तारीख मात्र हवीच, कारण निम्मं युनिट मोबाईलवर वाचतं आणि मोबाईलच्या पडद्यावर निळं पान पांढरंच दिसतं.

होडीचा सीन परत घेता आला. खरा घोळ पुढचा. ओटीवरचा ६३ आम्ही चौथ्या दिवशीच घेतला होता, क्लॅपवर ६३. नव्या फाईलमधे तुळशीपुढचा ६२ झाला ६३, तो अकराव्या दिवशी घेतला. क्लॅपवर पुन्हा ६३, शॉट १, टेक १. मुंबईहून एडिटच्या असिस्टंटचा फोन: “ताई, ६३ दोनदा आलाय. एकात काका जिवंत आहेत, एकात त्यांच्या फोटोला हार आहे.” साउंडच्या फाईलीही त्याच नावाने, त्यामुळे ओटीवरच्या काकांच्या तोंडी तुळशीपुढची आरती. मग जुने आणि नवे नंबर समोरासमोर मांडून, एकेक टेकची वेळ बघून तक्ता करायला मला एक रात्र लागली. त्याचे पैसे कुठल्या खात्यात धरलेत ते विचारलं, तर सगळे हसले.

काल मीटिंग घेतली. लेखक, डिरेक्टर, सेकंड एडी, सगळ्यांसमोर हे सगळं सांगितलं. सोलकढी पीत सगळ्यांनी माना डोलावल्या. “तुझं बरोबर आहे गं,” सर म्हणाले.

आत्ता हे लिहिता लिहिता फोन वाजला. `Script_Final_FINAL_3.pdf`. वर तारीख नाही, रंग नाही, समासात एक चांदणी नाही. मी सरळ शेवटचं पान उघडलं. शेवटचा सीन ९८.