दहा पूर्णांक पंच्याण्णव, आणि तरी नापास

फ्रान्समधून मास्टर करून परत आलात? अभिनंदन. आता तिथल्या मार्कशीटचं भाषांतर करून, इथे मान्यता मिळवून कॉलेजात शिकवण्याच्या जागेला अर्ज करायचा असेल तर माझं ऐका, मी नुकतीच त्यातून गेलेय, म्हणजे अजून जातेच आहे.

पहिलं काम, भाषांतरकार स्वस्तातला शोधा. फ्रान्समध्ये कोर्टाच्या यादीतले शपथ घेतलेले भाषांतरकार असतात, ते पानामागे चांगलेच पैसे घेतात, कशाला पाहिजेत? आपल्याकडे नोटरीच्या शेजारच्या टेबलावर बसतात ना, त्यांच्याकडे द्या. भाषा येते का असलं विचारून त्यांचा अपमान करू नका, शिक्का आहे ना, मग झालं. मी चार पानं दिली आणि तिसऱ्या दिवशी इंग्रजी हातात पडलं. त्यात मी 'युरोपियन युनियन 3.2' या विषयात साडेतेरा मार्क मिळवले होते. आता फ्रेंचमध्ये यूई म्हणजे युरोपियन युनियन होतंच, पण मार्कशीटवर ते शिकवण्याचं एकक असतं, आपल्याकडे पेपर म्हणतो ना तसलं काहीतरी, किंवा दोन-तीन पेपरांचा एक गठ्ठा. सततच्या चाचण्यांचं झालं 'कंटिन्यूअस कंट्रोल', वाचून वाटावं मी पॅरोलवर होते. निकालाच्या रकान्यात फ्रेंचमध्ये लिहिलं होतं आद्मी (आपला आदमी नव्हे हो), म्हणजे पास. त्याचं केलं 'ॲडमिटेड'. कॉलेजातले साहेब म्हणाले, मॅडम ॲडमिशन मिळालं ते कळलं, पण पुढे पास झालात का? पहिल्या वर्षी एका सेमिस्टरला माझा पहिला प्रयत्न गेला होता, दुसऱ्या सेशनला काढला. त्या पहिल्या प्रयत्नापुढे शब्द होता आझुर्ने, म्हणजे नापास. त्याचं झालं 'ॲडजर्न्ड', म्हणजे परीक्षा तहकूब. आणि मैत्रिणीच्या कागदावर परीक्षेला न बसल्याचा शेरा होता, देफायाँ, त्याचं 'डिफॉल्टर'. तिने कर्ज बुडवलंय असं समजून तिला बँकेचं पत्र मागितलं. खरंच मागितलं.

अपॉस्टिल, म्हणजे कागदावरचा सही-शिक्का खरा असल्याचा दाखला, भाषांतरानंतर करा, म्हणजे अपॉस्टिलचंच भाषांतर राहतं आणि परत एक फेरी होते.

स्वल्पविरामाची काळजी अजिबात करू नका. फ्रेंच लोक दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात, दहा पूर्णांक पंच्याण्णव म्हणजे 10,95. हे फॉर्ममध्ये जसंच्या तसं टाका. पोर्टल स्वल्पविराम गिळतं आणि तुम्हाला वीसपैकी एक हजार पंच्याण्णव मार्क पडतात, गुणवत्ता यादीत तुम्हीच पहिल्या.

डिग्रीसोबत मिळणारं डिप्लोमा सप्लिमेंट घरीच ठेवा. त्यात 4.4 नंबरचा भाग असतो, तिथल्या मार्कांची पद्धत काय आणि कुठे उपलब्ध असेल तर किती मुलांना किती मिळतात, ते लिहिलेलं असतं. कशाला उगाच साहेबांना वाचायला लावायचं.

आता मुख्य मुद्दा, मार्कांचं रूपांतर. हे सगळ्यात सोपं आहे, पाचाने गुणायचं. वीसपैकी मार्क म्हणजे शंभरात पाचपट, सातवीतलं गणित. माझं बघा. तिसऱ्या सेमिस्टरला चार पेपर, दोन नऊ क्रेडिटचे, दोन सहा क्रेडिटचे. मार्क अनुक्रमे साडेतेरा, साडेआठ, अकरा, सव्वादहा. क्रेडिटने गुणून बेरीज 325.5, भागिले तीस, सरासरी 10.85. शेवटच्या सेमिस्टरला इंटर्नशिपचे 11.05 मिळाले. वर्षाची सरासरी 10.95. गुणिले पाच, 54.75 टक्के. आणि जाहिरातीत काय लिहिलंय? पंचावन्न. तासिका तत्त्वावरची जागा हो, कायमची पण नाही, तीसुद्धा पाव टक्क्याने गेली.

आणि त्यातही साहेबांनी साडेआठवर लाल गोल केला. दहाच्या खाली म्हणजे नापास, मॅडम तुमची एटीकेटी राहिलीय. मी सांगितलं, तिथे कॉम्पेन्सेशन असतं, एका पेपरात कमी पडलं तरी दुसऱ्यात जास्त असेल आणि सरासरी दहाच्या वर असेल तर परीक्षक मंडळ सेमिस्टर पास करतं आणि नऊच्या नऊ क्रेडिट देतं, हे बघा क्रेडिटच्या रकान्यात नऊ लिहिलंय. तर भाषांतरात लिहिलं होतं 'ॲडमिटेड विथ कॉम्पेन्सेशन'. साहेब म्हणाले, नुकसानभरपाई किती मिळाली?

बरं, पाचाने गुणायला काही आधार आहे का? नाही. तिथे दहा म्हणजे पास, बारापासून आसे ब्यें म्हणजे बऱ्यापैकी, चौदापासून चांगला, सोळापासून उत्तम, आणि सोळाच्या वर जाणारा माणूस मी दोन वर्षांत आमच्या वर्गात पाहिला नाही. आमच्या वर्गात पहिला आला त्याला 15.1 होते. त्याचे टक्के 75.5, आणि आपल्याकडे तेवढे टक्के कॉरिडॉरमध्ये पाच जणांना असतात. जर्मनीचा वेगळा फॉर्म्युला आहे, त्यात पास होण्याची रेष दहा धरतात आणि वरची वीस, मग मी 3.7 वर येते. तिकडे एक सगळ्यात चांगला आणि चार कसाबसा पास, म्हणजे तिथे तर मी जेमतेम वाचले. पास व्हायला आपल्याकडे चाळीस लागतात असं धरून दहाला चाळीस आणि वीसला शंभर ठेवून ओढा, तर 45.7 येतात. एकाच कागदातून तीन आकडे निघाले, त्यात माझ्या फायद्याचा एकही नाही. कारण विसाच्या टोकाला कुणी पोचतच नाही, ते टोक धरून कुठलीही सरळ रेष मारा, माणूस खालीच घसरणार. जे बघायचं ते हे, की वर्गात ही बाई कुठे होती. मी सव्वीसात आठवी होते आणि तसं डिपार्टमेंटचं पत्र आहे माझ्याकडे. ते पत्र फाइलमध्ये लावलं, साहेबांनी काढून परत दिलं, म्हणाले यादीत हा डॉक्युमेंट नाही.

आता उपरोध वगैरे बास झाला. 2018 च्या मार्चमध्ये भारत आणि फ्रान्सने एकमेकांच्या पदव्या मानण्याचा करार केला. मी फी भरून, दोन महिने थांबून समकक्षतेचं पत्र आणलं, त्यात डिग्री मास्टरच्या बरोबरीची एवढंच लिहिलंय, मार्कांबद्दल एक शब्द नाही. बरं, पात्रतेचा यूजीसीचा नियम काय म्हणतो? पंचावन्न टक्के 'किंवा समकक्ष ग्रेड'. नियमात ते दोन शब्द आहेत! साहेब, तुम्ही वाचले नाहीत. पोर्टलवाल्याने टक्क्यांचा एकच रकाना टाकला आणि तुम्ही सगळे त्या रकान्याचे नोकर झालात. आणि भाषांतरकारदादा, मार्क बदलणं तुमचं काम नाही, तुम्ही शेजारी स्वतःच टक्के काढून शिक्का मारलात तो कुणी सांगितला होता? मार्क आहेत तसे ठेवायचे, खाली तळटीप द्यायची की वीसपैकी, दहाला पास, शेरा काय. तीन ओळी. त्यासाठी मी तुम्हाला पानाला नऊशे रुपये दिलेत, लाज वाटायला हवी होती.

काल रात्री टक्क्याच्या रकान्यात मी सरळ लिहिलं: 10.95/20, सव्वीसात आठवी. रकाना लाल झाला, खाली आलं की फक्त आकडे टाका.